सी-२६ मायटोकॉन्ड्रियात का जळत नाही, आणि शेंगतेलाचा त्यात किती हात

प्रश्न: माझ्या बहिणीचा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. त्याच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये C26:0, म्हणजे सव्वीस कार्बनचं फॅटी ॲसिड, वाढलेलं आलं. डॉक्टर म्हणाले, पेरॉक्सिझोमचा दोष आहे, एएलडी म्हणजे ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी असावा. मी बीएस्सीला फॅटी ॲसिड मायटोकॉन्ड्रियात जळतं एवढंच शिकलो. मायटोकॉन्ड्रिया धडधाकट असताना हे का जळत नाही? आम्ही कोल्हापूरचे, घरात पहिल्यापासून शेंगतेल आणि दाण्याचा कूट. ते बंद केलं तर हा आकडा उतरेल का?

उत्तर:

कॉलेजात शिकवतात ते पामिटिक ॲसिडचं उदाहरण, म्हणजे सोळा कार्बनची साखळी. आपल्या खाण्यातली बहुतेक चरबी सोळा-अठरा कार्बनचीच असते, म्हणून ते उदाहरण बरोबर आहे. पण त्यामुळे मनात असं बसतं की साखळी कितीही लांब असो, मायटोकॉन्ड्रियात गेली की दोन-दोन कार्बननी तुटत जाते. अडचण तुटण्यात नाही, आत जाण्यात आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर सीपीटी-१ नावाचं एन्झाइम साखळीला कार्निटीन जोडतं आणि मग ती आत सरकते. हे एन्झाइम सोळा-अठरा कार्बन आनंदानं घेतं, विसाच्या आसपास कुरकुरतं आणि चोवीस-सव्वीसला हातच लावत नाही. शिवाय कुठलंही फॅटी ॲसिड जाळण्याआधी त्याला कोएन्झाइम-ए चिकटवावं लागतं. इतक्या लांब साखळीला ते चिकटवणारी एन्झाइम्स मायटोकॉन्ड्रियावर नाहीत, ती पेरॉक्सिझोमच्या आणि पेशीतल्या जाळीच्या पडद्यांवर आहेत.

आपल्याकडे लाकडाची वखार आणि बेकरीची भट्टी शेजारी शेजारी असतात, तसं हे धरा. भट्टीचं तोंड लहान. वखारीत ओंडका करवतीवर कापून ढलप्या केल्या, की त्या भट्टीत जातात. पेरॉक्सिझोम ही वखार. तिथं पाव भाजला जात नाही, तिथं फक्त लांबी कमी होते. भाच्याच्या आजारात करवत शाबूत असते आणि भट्टीही शाबूत असते. बिघडलेलं असतं ते वखारीचं फाटक.

त्या फाटकाचं नाव एबीसीडी-१. हे पेरॉक्सिझोमच्या पडद्यातलं प्रोटीन आहे आणि ते एटीपी खर्चून कोएन्झाइम-ए जोडलेली लांब साखळी आत घेतं. इथं कार्निटीन लागत नाही, हा दोन्ही मार्गांतला पहिला फरक. त्याचा जीन एक्स क्रोमोसोमच्या टोकाशी आहे आणि १९९३ साली तो सापडला. तोवर बहुतेकांचा कयास असा होता की दोष एखाद्या एन्झाइममध्ये असणार. सापडला तो वाहतूक करणारा प्रोटीन, याचं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं.

आत गेल्यावर पायऱ्या चारच, दोन्हीकडे सारख्याच: हायड्रोजन काढा, पाणी जोडा, पुन्हा हायड्रोजन काढा, दोन कार्बनचा तुकडा तोडा. कागदावर मांडलं तर विद्यार्थ्याला दोन्ही मार्ग जुळे वाटतात. पण पहिली पायरी नीट बघा. मायटोकॉन्ड्रियात डिहायड्रोजिनेज एन्झाइम साखळीतले इलेक्ट्रॉन काढून श्वसनसाखळीकडे सोपवतं आणि त्यातून दर वळशाला साधारण दीड एटीपी मिळतं. पेरॉक्सिझोममध्ये श्वसनसाखळीच नाही. तिथलं एन्झाइम ॲसिल-कोए ऑक्सिडेज. ते इलेक्ट्रॉन सरळ ऑक्सिजनच्या हातात देतं. ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि ती ऊर्जा नुसत्या उष्णतेत जाते. पेरॉक्सिझोम हे नाव पडलं ते यावरूनच. पेरॉक्साइड तिथंच साठू नये म्हणून शेजारी कॅटॅलेज ठासून भरलेलं असतं. घरी बघायचं असेल तर कलेजीच्या कच्च्या तुकड्यावर औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड दोन थेंब टाका. क्षणात पांढरा फेस उसळतो. तो फेस म्हणजे कॅटॅलेजनं मोकळा केलेला ऑक्सिजन. यकृताच्या पेशीत पेरॉक्सिझोम भरपूर, म्हणून फेसही भरपूर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतही एक बारीक फरक आहे. पेरॉक्सिझोममध्ये ही दोन्ही कामं एकच लांबलचक प्रोटीन करतं, त्याला डी-बायफंक्शनल प्रोटीन म्हणतात. मधला पदार्थ मायटोकॉन्ड्रियातल्या पदार्थाचा आरशातला जुळा असतो, डाव्याऐवजी उजवा. परीक्षेपलीकडे याचा उपयोग इतकाच, की या प्रोटीनमध्ये दोष असलेलं बाळ जन्मापासून झटके आणि ढिले स्नायू घेऊन येतं. तुमचा भाचा साडेसात वर्षं धावला-खेळला आहे, म्हणून तो विचार इथं मागे पडतो.

आता सी-२६ ची साखळी घेऊन हिशेब करू. सव्वीस कार्बन पूर्ण तोडायचे तर बारा वळसे आणि तेरा तुकडे. पेरॉक्सिझोम शेवटपर्यंत जात नाही. साधारण आठ कार्बन उरले की ते काम सोडतं, कारण तिथलं ऑक्सिडेज आखूड साखळ्यांवर मंदावतं. म्हणजे सव्वीसवरून आठवर यायला नऊ वळसे वखारीत झाले. त्यातून नऊ दोन-कार्बनी तुकडे आणि पेरॉक्साइडचे नऊ रेणू निघाले. उरलेल्या आठ कार्बनला कार्निटीन चिकटवून मायटोकॉन्ड्रियात पाठवलं जातं. तिथं आणखी तीन वळसे होऊन चार तुकडे निघतात. नऊ आणि चार, तेरा झाले. वखारीतल्या नऊ वळशांत पहिल्या पायरीची मिळकत म्हणजे सुमारे साडेतेरा एटीपी हातचं गेलं. पेशीला त्याचं काही वाटत नाही, कारण सी-२६ हे तिचं इंधन कधीच नव्हतं. शरीरात त्याचं प्रमाणच इतकं थोडं असतं, की ते फक्त वेळच्या वेळी निस्तरायचं असतं.

हा मुद्दा मी तुमच्या बहिणीला बसवून समजावला असता, कारण त्यातून आजाराचं रूप कळतं. मायटोकॉन्ड्रियातल्या मार्गात बिघाड असलेलं मूल उपाशी राहिलं की कोसळतं. ताप आला, जेवलं नाही, रात्रीत साखर उतरली, कीटोन बनले नाहीत, कधी हृदयाचा स्नायू दमला. इंधन तुटल्याची ती लक्षणं. पेरॉक्सिझोमच्या बिघाडात इंधन तुटत नाही. इथं कचरा साठतो, तोही सावकाश, वर्षानुवर्षं. पेशीचे पडदे सोळा-अठरा कार्बनच्या मापाने घडलेले असतात. त्यात सव्वीसची साखळी घुसली की तिचं टोक पडद्याच्या दुसऱ्या थरात जाऊन अडकतं आणि साध्या साखळीपेक्षा हजारो पटींनी सावकाश बाहेर पडतं. किडनीवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी आणि मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण, म्हणजे मायलीन, इथं हा साठा जास्त होतो आणि दुखणंही तिथंच दिसतं.

नावांचा एक घोळ आधीच दूर करतो, कारण मी रिपोर्ट हातात घेऊन चुकीच्या तज्ज्ञाकडे पोचलेले आईवडील पाहिले आहेत. व्हीएलसीएडी नावाचा एक आजार आहे. त्याच्या नावात 'अतिलांब साखळी' हे शब्द आहेत, पण तो मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे आणि त्यातलं एन्झाइम मुख्यतः चौदा ते वीस कार्बनवर काम करतं. त्यात वाढतं ते चौदा कार्बनचं ॲसिलकार्निटीन, प्लाझ्मातलं सी-२६ नाही. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तपासणी मागवली आहे. इंटरनेटवर शोधताना या दोन नावांची गल्लत करू नका, दोघांचे उपचार अगदी वेगळे आहेत.

आता रिपोर्ट आणि शेंगदाणा. तुमच्या प्रश्नातला हा भाग कोल्हापुरात खरंच महत्त्वाचा आहे. शेंगतेलात बावीस आणि चोवीस कार्बनची फॅटी ॲसिड्स इतर खाद्यतेलांपेक्षा बरीच जास्त असतात, दोन्ही मिळून काही टक्के. दाण्याची आमटी, कूट घातलेल्या भाज्या, चटणी, वरून शेंगतेल असं रोजचं खाणं असलेल्या माणसाच्या रक्तात हे आकडे वर सरकू शकतात. म्हणून एकट्या आकड्यावर निदान करायचं नसतं, गुणोत्तरं बघायची असतात.

माझ्याकडचे दोन मुलगे शेजारी ठेवून दाखवतो. मी वापरतो त्या मर्यादा अशा: सी-२६ साधारण १.३ मायक्रोमोल प्रति लिटरपर्यंत, सी-२४ भागिले सी-२२ हे १.३९ पर्यंत, सी-२६ भागिले सी-२२ हे ०.०२३ पर्यंत. प्रयोगशाळेगणिक थोडा फरक पडतो, तेव्हा तुमच्या रिपोर्टवर छापलेल्या मर्यादा धरा.

पहिला मुलगा नऊ वर्षांचा, अभ्यासात मागे पडला म्हणून तपासलेला. सी-२२ होतं ११२, सी-२४ होतं ९६ आणि सी-२६ होतं १.४. तिन्ही आकडे वरच्या कडेला किंवा कडेबाहेर, रिपोर्टवर लाल खुणा, घरात रडारड. पण भागाकार करा: ९६ भागिले ११२ म्हणजे ०.८६ आणि १.४ भागिले ११२ म्हणजे ०.०१३. दोन्ही आरामात मर्यादेत. आईला विचारलं तर त्याचं आवडतं खाणं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर तेलाची धार, दोन्ही वेळा. रक्त घेतलं होतं तेही सकाळी पोटभर खाऊन आल्यावर. महिनाभर दाणे आणि शेंगतेल थांबवून, रात्रभर उपाशी ठेवून पुन्हा रक्त घेतलं. तिन्ही आकडे खाली आले.

दुसरा मुलगा आठ वर्षांचा, पन्हाळ्याकडच्या गावातला. त्याचं सी-२२ होतं ४८, म्हणजे अगदी साधं. सी-२४ होतं ८२, तेही मर्यादेच्या आत. सी-२६ होतं ३.१. भागाकार: ८२ भागिले ४८ म्हणजे १.७१, आणि ३.१ भागिले ४८ म्हणजे ०.०६५. दोन्ही गुणोत्तरं वर. हा एएलडी निघाला आणि जीनच्या तपासणीत एबीसीडी-१ मधला दोष दिसला.

असं का होतं, हे समजलं तर तुमच्या तेलाच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. बावीसची साखळी पेरॉक्सिझोमच्या बंद फाटकाबाहेर ताटकळत राहते. पेशीतल्या जाळीवर साखळी वाढवणारी एन्झाइम्स असतात, त्यातलं ईएलओव्हीएल-१ तिला पकडून दोन कार्बन जोडतं. चोवीस झाली, मग सव्वीस. म्हणजे बावीस साठत नाही, तिचं रूपांतर होत पुढचे सदस्य साठतात, आणि सी-२६ ला सी-२२ नं भागलं की तो ढीग उघडा पडतो. शेंगदाण्यातून मात्र बावीस आणि चोवीस तयारच येतात, त्यात बावीस जास्त. तिथं भाजकही वाढतो, म्हणून गुणोत्तर वर चढत नाही.

याचा अर्थ, एएलडी असेल तर भाच्याचं सी-२६ मुख्यतः त्याच्याच पेशींत तयार होतंय. ताटातून ते येत नाही. शेंगतेल बंद केल्यानं त्याचा आजार थांबणार नाही. पुन्हा रक्त द्यायचं असेल तर आधी काही दिवस दाणे आणि शेंगतेल टाळा आणि रात्रभर उपाशी पोटी द्या, म्हणजे आकडा स्वच्छ येईल. मोहरीच्या तेलाचंही डॉक्टरांना सांगा. त्यातलं इरुसिक ॲसिड साखळी वाढवणाऱ्या एन्झाइमच्या आड येतं आणि सी-२६ खोटं कमी दाखवू शकतं. त्याच गुणावर लोरेन्झो तेल बेतलेलं आहे. ओलिक आणि इरुसिक ॲसिडचं चारास एक मिश्रण. रक्तातलं सी-२६ त्यानं खरोखर खाली येतं, कधी अगदी नॉर्मलपर्यंत. पण मेंदूतला दाह सुरू झाल्यावर तो त्यानं थांबत नाही. कोणी परदेशातून मोठ्या किमतीला मागवून देतो म्हणाला, तर त्या पैशातून आधी एमआरआय करून घ्या.

रक्तातल्या आकड्याला मर्यादा आहे ती हीच. सी-२६ किती आहे यावरून मुलाचं पुढं काय होणार हे सांगता येत नाही. एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांत जीनचा दोष तोच, आकडा जवळपास तोच, आणि एकाचा मेंदू शाळेच्या वयात बाधित होतो तर दुसरा पस्तिशीपर्यंत नोकरी करून मग पाय जड होऊ लागल्याची तक्रार घेऊन येतो. एकसारख्या जुळ्यांतही असं झालेलं नोंदलेलं आहे. बालपणी मेंदूचा दाह होतो तो साधारण तिघांत एका मुलाला. कुणाला होणार, हे आज कुठलीच तपासणी आधी सांगत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी एमआरआय, मूल वरकरणी ठणठणीत दिसलं तरी. लक्षणं दिसण्याआधी एमआरआयवर डाग दिसला तर अस्थिमज्जेतल्या मूळपेशींचं रोपण दाह थांबवू शकतं. डाग पसरला आणि चालणं-बोलणं बिघडलं की त्याच रोपणाचा फायदा फार थोडा उरतो. भाच्याचा एमआरआय झालेला नसेल तर तो या आठवड्यात व्हायला हवा.

दुसरी गोष्ट ॲड्रिनलची. पन्हाळ्याकडच्या त्या मुलाला दोन वर्षांत तीनदा उलट्या-जुलाब म्हणून सलाईन लावलं होतं. दर वेळी दोन दिवसांत तो उठून बसायचा, म्हणून पुढं कुणी बघितलं नाही. घरचे म्हणायचे, उन्हात हुंदडून काळवंडलाय. मी त्याच्या आईला तिचा स्वतःचा तळवा उघडायला सांगितला आणि मुलाचा तळवा शेजारी धरला. मुलाच्या तळहाताच्या रेषा पेन्सिलनं ओढल्यासारख्या गडद होत्या, हिरड्यांवरही काळसर पट्टा होता. ऊन हिरड्यांना लागत नाही. ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल कमी करते तेव्हा मेंदूकडून तिला हाकारणारं एसीटीएच वाढत जातं आणि त्यानंच त्वचा गडद होते. त्याचं सकाळचं कॉर्टिसॉल तळाला आणि एसीटीएच कितीतरी पट वर होतं. हायड्रोकॉर्टिसोन सुरू केल्यावर ते सलाईनचे फेरे थांबले.

भाच्याचं सकाळचं कॉर्टिसॉल आणि एसीटीएच आजवर झालं नसेल तर लगेच करा. कमतरता निघाली तर गोळ्या आयुष्यभर लागतात, आणि ताप, उलट्या, ऑपरेशन अशा वेळी डोस वाढवावा लागतो. किती आणि कसा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद दप्तरात आणि घरच्या फ्रीजवर, दोन्हीकडे असू द्या. या आजारातला हा भाग पूर्णपणे हाताळता येतो आणि तरीही दुर्लक्षामुळे मुलं दगावतात, म्हणून इतकं ठासून सांगतो.

बहिणीच्या सासरी कुणी नात्यातल्या लग्नाला दोष देत असेल, तर तो इथं लागू नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची रीत पेरॉक्सिझोमच्या काही वेगळ्या, जन्मतः दिसणाऱ्या आजारांत महत्त्वाची ठरते, कारण त्यात दोन्ही पालकांकडून सदोष प्रत यावी लागते. एएलडीत मुलाला एक्स क्रोमोसोम आईकडूनच मिळतो, वडिलांचं नातं काहीही असो.

आणि याचमुळे तुम्हाला स्वतःला एक सांगायचं आहे. तुमच्या बहिणीकडे हा जीन असेल, तर बहुतेक शक्यता ती की तो तुमच्या आईकडून आला. तसं असेल तर तुम्हाला तो मिळण्याची शक्यता निम्मी आहे. तो तुमच्या वडिलांकडून बहिणीला आला असेल किंवा तिच्यातच नव्यानं झाला असेल, तर तुम्ही मोकळे. पण हे अंदाजानं ठरवू नका. पुरुषांत प्लाझ्मातलं सी-२६ आणि त्याची गुणोत्तरं जवळपास नेहमी खरं सांगतात. बहिणीचं आणि आईचं मात्र रक्तातल्या आकड्यावर सोडू नका. वाहक स्त्रियांपैकी सुमारे पंधरा ते वीस टक्क्यांचा आकडा नॉर्मल येतो, म्हणून त्यांची जीनचीच तपासणी हवी. भाच्याचा नेमका दोष आधी कळला की बाकीच्यांची तपासणी सोपी आणि स्वस्त होते.

तुम्हाला मुली असतील आणि तुमच्याकडे दोष निघाला, तर त्या सगळ्या वाहक असतील. मुलगे असतील तर त्यांना तुमच्याकडून काहीच जाणार नाही. अलीकडे जिना चढताना पाय ताठल्यासारखे होतात, लघवीची घाई होते, विनाकारण थकवा येतो असं काही असेल, तर रक्त देताना तेही सांगा. रात्री आठला जेवा, सकाळी उपाशी जा, आणि आदल्या आठवड्यात दाण्याला सुट्टी द्या.